शंभरातले दोन रुपये एकोणसाठ पैसे

शहापूर-मुरबाडच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकणाऱ्या मुलांना वित्त आयोग आधी दिसतो तो गावातल्या नळयोजनेच्या फलकावर, 'पंधरावा वित्त आयोग' असा. त्या फलकामागचा हिशेब गेल्या 15 वर्षांत बराच बदलला.

केंद्राने गोळा केलेल्या करांतून उपकर, अधिभार आणि वसुलीचा खर्च वगळला की उरतो तो वाटपाचा निधी. तेराव्या आयोगाने (2010-15) त्यातले 32 टक्के राज्यांना दिले, चौदाव्याने 42 आणि पंधराव्याने 41. राज्यांच्या एकूण वाट्यात महाराष्ट्राचा हिस्सा या काळात 5.199 टक्क्यांवरून 5.521 आणि पुढे 6.317 झाला. म्हणजे वाटपाच्या दर 100 रुपयांमागे आपल्याला आधी 1 रुपया 66 पैसे मिळत, मग 2 रुपये 32 पैसे आणि पंधराव्या आयोगात 2 रुपये 59 पैसे. उपकर-अधिभार मात्र या शंभरात धरलेलेच नाहीत, आणि राज्यांची जुनी तक्रार तीच आहे.

देशाच्या लोकसंख्येत आणि क्षेत्रफळात महाराष्ट्र नऊ टक्क्यांहून जास्त, मग हिस्सा सहाच का? पंधराव्या आयोगाच्या सूत्रात लोकसंख्येला 15 आणि क्षेत्रफळाला 15 गुण होते. या 30 गुणांतून राज्याच्या पदरात सुमारे 2.8 पडले. उरलेल्या 70 गुणांतून जेमतेम साडेतीन. कारण त्यातले 45 गुण उत्पन्नातल्या अंतराला होते: राज्याचे दरडोई उत्पन्न तुलनेसाठी धरलेल्या वरच्या राज्यापेक्षा जितके कमी, तितका वाटा जास्त, आणि ते अंतर लोकसंख्येने गुणायचे. इथे बिहार, उत्तर प्रदेश पुढे जातात. जंगलाचे 10 गुण आणि जन्मदर आटोक्यात ठेवल्याचे साडेबारा गुण यांनी ही तूट थोडी भरून काढली. तानसा अभयारण्याचे दाट जंगल त्या दहा गुणांत मोजले गेले.

मेख अशी की, उत्पन्नातले अंतर मोजताना मुंबई आणि मुरबाड एकाच सरासरीत बसतात. भातसा, तानसाचे पाणी मुंबईला जाते, उन्हाळ्यात शहापूरच्या पाड्यांवर टँकर फिरतात, पण सूत्राला फक्त श्रीमंत महाराष्ट्र दिसतो. राज्याच्या आतली विषमता सांभाळणे हे मुंबईत बसलेल्या सरकारचे काम, असे घटनेचे गणित आहे. ते सरकार ते किती करते, हा प्रश्न मला सूत्रापेक्षा महत्त्वाचा वाटतो.

फलकावरचा पैसा मात्र या वाट्यातला नव्हे. 73व्या घटनादुरुस्तीनंतर आयोग पंचायतींसाठी वेगळे अनुदान सुचवतो. चौदाव्याने ते फक्त ग्रामपंचायतींना दिले. पंधराव्यात तिन्ही स्तर आले आणि महाराष्ट्राने ग्रामपंचायतींना 80, पंचायत समितीला 10, जिल्हा परिषदेला 10 टक्के ठेवले. 2021-22 पासून त्यातले 60 टक्के पाणी-स्वच्छतेला बांधलेले होते. ग्रामपंचायतीला 10 लाख आले, तर 6 लाख बंधित आणि 4 लाख अबंधित, ग्रामसभेने ठरवायचे. त्या चार लाखांतूनही पगार देता येत नसे.