दुसऱ्या रांगेतला भाऊ

साखरपुड्याच्या ग्रुप फोटोत परदेशी असलेला भाऊ नव्हता, त्याला आता फोटोत बसवायचंय. अशा वेळी घरचे बहुधा त्याचा पासपोर्ट फोटो काढून देतात, कारण त्यात चेहरा स्वच्छ दिसतो. पण या कामाला तो फारसा उपयोगी नाही. त्यात उजेड समोरून सारखा पडलेला असतो. ग्रुप फोटो मात्र समजा दुपारी चारला अंगणात काढलाय, ऊन डावीकडून येतंय आणि प्रत्येकाच्या नाकाची सावली उजवीकडे कललीय. त्यांच्यात भावाचा सपाट चेहरा चिकटवल्यासारखा दिसणार.

म्हणून त्याचे मोबाइलमधले सगळे फोटो मागवावेत आणि आधी नाकाची, हनुवटीखालची सावली बघावी. सेल्फी शक्यतो नको. कॅमेरा फार जवळ असल्याने नाक मोठं दिसतं आणि कान मागे जातात. उजेडाची बाजू उलटी असेल तर फोटो आडवा उलटवता येतो. मात्र भांग आणि शर्टाची बटणंही बाजू बदलतात. बाईच्या फोटोत तर डाव्या खांद्यावरचा पदर उजवीकडे जातो, आणि घरच्यांना काहीतरी खटकतंच.

उभं करायला दुसरी रांग सोयीची. पुढच्यांच्या खांद्यांमागे धड झाकलं जातं, पाय आणि जमिनीवरची सावली करावी लागत नाही. माप त्याच रांगेतल्या माणसावरून घ्यावं. पहिल्या रांगेतले वडील कॅमेऱ्याला जवळ, म्हणून मोठे दिसतात. शेजारच्या काकांचं डोकं हनुवटीपासून टाळूपर्यंत १९६ पिक्सेल आणि भावाचं ६४० भरलं, तर त्याचा फोटो साधारण ३१ टक्क्यांवर आणायचा. हिशोब उलटा असेल, म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला छोटा चेहरा मोठा करायचा असेल, तर तो फुटतो. इथे एक चूक फार होते. भाऊ काकांपेक्षा उंच म्हणून त्याला मोठा करतात. मोठ्या माणसांच्या डोक्यांत फरक थोडाच असतो. उंच दाखवायचं तर त्याच मापात वर सरकवायचं.

फोटोशॉपमध्ये कापताना खोडण्याऐवजी मास्क वापरावा, म्हणजे केसांची कड पुन्हा सुधारता येते. मग उजेड. फोटो तात्पुरता कृष्णधवल करून बघितला की रंग फसवत नाहीत. भावाचे केस शेजाऱ्यांच्या केसांहून काळे, किंवा शर्ट काकांच्या सदऱ्याहून पांढरा दिसला, तर कर्व्ह्‌जने दोन्ही टोकं जुळवायची. रंग परत आणून त्वचेची झाक बघायची. डावीकडच्या शेजाऱ्याची सावली त्याच्या खांद्यावर पडायला हवी. ती मल्टिप्लाय लेअरवर मऊ ब्रशने, आजूबाजूच्या सावल्यांइतकीच गडद करायची.

एवढं करूनही तो वेगळा दिसत असेल, तर बहुतेक वेळा तो जास्त धारदार असतो, कारण फोटो लहान केला की कडा टोकदार होतात. अशा वेळी त्याला किंचित ब्लर आणि बाकीच्यांच्या चेहऱ्यावर आहेत तेवढेच दाणे द्यावे लागतात.