मुलुक : एका लघुपटाचे नाव ठरवताना

भिवंडीजवळच्या पूर्णा गावात गोदामांच्या रांगांमागे कामगारांच्या खोल्या आहेत. त्यांतल्याच एका खोलीत आम्ही चौघांनी चौदा मिनिटांचा लघुपट तयार केला. चित्रीकरण सहा दिवसांत आटोपले आणि संकलनाला दोन महिने लागले. नाव मात्र त्यानंतरही महिनाभर ठरेना. पुढे कुणी असा लघुपट करायला घेतला तर उपयोग होईल, म्हणून त्या महिनाभरातला हा अनुभव लिहीत आहोत.

आधी गोष्ट थोडक्यात सांगतो. पूर्वांचलातला एक हमाल पूर्ण्याच्या गोदामात माल चढवतो-उतरवतो. 2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी येते आणि गोदामाचे शटर खाली येते. एका खोलीत सात माणसे, महिनाभर काम नाही. मेच्या पहिल्या आठवड्यात भिवंडी रोड स्टेशनातून गोरखपूरला श्रमिक स्पेशल सुटली, हे वाचकांना आठवत असेल. आमचा हमाल त्या गाडीत चढतो. सोबत त्याच्याच गावचा एक हिंदू सोबती आहे. गावी पोहोचल्यावर दोघांनाही घरी जाऊ देत नाहीत. चौदा दिवस गावातल्या शाळेत ठेवतात. घराचे छप्पर शाळेच्या खिडकीतून दिसत असते. लघुपट तिथेच संपतो.

मुख्य भूमिका करणारा माणूस खरोखरच पूर्ण्याचा हमाल आहे, आणि गोष्टीचा मोठा भाग त्याच्याच तोंडून आलेला आहे. म्हणून नाव ठरवताना तो कायम आमच्यासमोर होता.

पहिल्या दिवशी भिंतीवर एकवीस चिठ्ठ्या चिकटवल्या. त्यांत ‘लाचार’, ‘बेघर’, ‘अनवाणी’ अशी नावे बरीच होती. हमालाने त्या एकेक करून वाचून घेतल्या आणि म्हणाला, “हे नाव घेऊन गावाकडे फोन कसा करू? मी लाचार होतो, असं आईला सांगू?” त्या सगळ्या चिठ्ठ्या त्याच संध्याकाळी उतरल्या. अशी नावे माणसाचे नाव सांगत नाहीत, बघणाऱ्याची दया सांगतात. प्रेक्षक आधीच हळहळायला बसतो आणि मग पडद्यावरचा माणूस काय करतो, काय बोलतो, याकडे त्याचे लक्ष राहत नाही.

दुसरे नाव सर्वांना पटकन आवडले होते: ‘घरवापसी’. शब्दाचा सरळ अर्थ आमच्या गोष्टीला चपखल बसतो. पण 2014 सालापासून वर्तमानपत्रांत हा शब्द धर्मांतराच्या मोहिमेसाठी सारखा येऊ लागला. मुसलमान हमालाच्या लघुपटाला हे नाव दिले असते, तर चौदा मिनिटे लोक त्या मोहिमेचीच वाट पाहत बसले असते. शब्दाचा शब्दकोशातला अर्थ एक असतो आणि बाजारात चालणारा अर्थ दुसरा. नावाच्या बाबतीत बाजारातलाच अर्थ आधी ऐकू येतो. तीही चिठ्ठी उतरली.

मग याच विषयावर इतरांनी काय नावे दिली ते पाहिले. विनोद कापरी यांच्या 2021 च्या माहितीपटाचे नाव ‘1232 केएमएस’ आहे. गाझियाबादहून बिहारमधल्या सहरसापर्यंत सात मजूर सायकलवर गेले, त्या प्रवासाचे ते अंतर. तिथे आकडा शोभतो, कारण ते अंतर पायांनी ओढलेले आहे. आमच्या चिठ्ठ्यांतही किलोमीटरचा आकडा होता. पण आमचा माणूस गाडीत बसून गेला. त्याला जड गेले ते गावात पोहोचल्यावरचे शेवटचे दोनशे पावलांचे अंतर. आकडा आमच्या गोष्टीत चुकीच्या जागी बोट दाखवत होता.

नीरज घायवान यांचा ‘होमबाउंड’ हा चित्रपट 2025 मध्ये आला. त्यामागे बशारत पीर यांनी 2020 मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये लिहिलेला लेख आहे. सुरतेहून बस्ती जिल्ह्यातल्या आपल्या गावी निघालेले दोन बालमित्र, एक दलित आणि एक मुसलमान. वाटेत एक आजारी पडतो आणि दुसरा त्याला मांडीवर घेऊन रस्त्याच्या कडेला बसून राहतो. तो लेख ‘टेकिंग अमृत होम’ या नावानेही ओळखला जातो, म्हणजे अमृतला घरी नेताना. त्या नावात एक माणूस आहे आणि त्याला नेणारा दुसरा आहे. चित्रपटाच्या नावात तो माणूस राहिला नाही, पण एका शब्दात दोन अर्थ आले: घराकडे निघालेला आणि घरातच अडकून पडलेला. टाळेबंदीत दोन्ही एकाच वेळी खरे होते.

मुजफ्फर अली यांच्या 1978 च्या ‘गमन’मध्ये तर आणखी वेगळी गंमत आहे. नावाचा अर्थ जाणे, आणि मुंबईतला टॅक्सीवाला नायक शेवटी गावी जाऊच शकत नाही. ही नावे शेजारी-शेजारी ठेवल्यावर आमच्या लक्षात आले की चांगले नाव सिनेमा सुरू होण्याआधी एक अर्थ देते आणि संपल्यावर तोच शब्द बदललेला असतो. आम्ही हीच कसोटी धरली. प्रत्येक नाव दोनदा विचारायचे: लघुपट दाखवण्यापूर्वी यावरून काय वाटते, आणि दाखवल्यानंतर काय वाटते? दोन्ही वेळा उत्तर एकच आले तर ते नाव नुसती पाटी आहे.

या कसोटीत एक नाव खूप पुढे गेले: ‘चार रकात’. त्यामागचे दृश्य सांगायला हवे. पूर्ण्याच्या खोलीत आमचा हमाल जुहरची नमाज अदा करतो, फर्ज चार रकात. गाडीत तो मुसाफिर आहे. हनफी फिकहप्रमाणे सुमारे 77 किलोमीटर किंवा त्याहून लांबच्या सफरीला माणूस वस्तीबाहेर पडला की जुहर, असर आणि इशाचे चार फर्ज दोन होतात. यालाच कस्र म्हणतात. फजर आणि मगरिबमध्ये बदल होत नाही. पंधरा दिवस किंवा जास्त मुक्कामाची नीयत असली तर तो मुकीम ठरतो, म्हणून पूर्ण्यात तो पूर्ण नमाज पढत होता. आमच्या भागातल्या कोकणी मुसलमानांचा मजहब शाफई असल्याने त्यांच्याकडे मुक्कामाच्या दिवसांचा हिशेब वेगळा आहे. हमाल हनफी आहे, म्हणून आम्ही तो हिशेब धरला.

आता शाळेतले दृश्य. गावाने त्याला घरात घेतलेले नाही. दारावर पोलीस आहे. तो गमछा अंथरतो, जुहरला उभा राहतो. दोन रकात होतात, तो कादाला बसतो आणि सलाम न फिरवता तिसरीसाठी उठतो. वतने असलीच्या हद्दीत पाऊल पडताच मुसाफिरी संपते, तिथे किती दिवस राहायचे याची नीयत लागत नाही. शाळा गावाच्या वस्तीतच आहे, हे आम्ही एका आलिमांना विचारून पक्के केले होते. गावाने त्याला परका ठरवला, पण शरीअतच्या हिशेबाने तो घरी पोहोचला होता. हे आम्ही कुठेही बोलून सांगितलेले नाही. तो नुसता उठतो.

मग ‘चार रकात’ हे नाव का घेतले नाही? आमच्यातल्या एकीने विचारले, “नाव वाचून बसलेला माणूस काय करेल?” उत्तर सोपे होते: तो रकाती मोजत बसेल. गाडीत दोन झाल्या की त्याला कळेल की पुढे चार येणार. ज्या एका उठण्यासाठी चौदा मिनिटे थांबायचे, ते आम्ही पहिल्याच पाटीवर सांगून टाकले असते. दुसरीही अडचण होती. त्या गाडीत हिंदू-मुसलमान एकाच बाकावर होते आणि शाळेत एकाच ओळीत झोपले. या नावाने सोबत्याची अर्धी गोष्ट बाहेर राहिली असती.

शेवटी नाव आमच्या भिंतीवरून आलेच नाही. आम्ही एका रविवारी बारा हमालांना खोलीत बोलावून नाव न लावता लघुपट दाखवला. नंतर कसा वाटला, असे विचारले नाही, कारण या प्रश्नाला सगळेच ‘छान’ म्हणतात. विचारले ते असे: “आज रात्री घरी फोन केलात तर काय पाहिलं म्हणून सांगाल?” सात जणांच्या उत्तरात एकच शब्द होता: “मुलुक जाने की फिलिम.”

हा शब्द आम्ही भिवंडीत रोज ऐकतो. यंत्रमागावरचा असो की गोदामातला, कामगार गावी निघाला की ‘मुलुक’ला जातो. उर्दू कानाला तो ‘मुल्क’, म्हणजे देश, असा लागतो. मराठी कानाला ‘मुलुख’, म्हणजे आपला प्रदेश. बोलणाऱ्याच्या मनात मात्र एक गाव असते, एक विहीर, एक घर. तिन्ही अर्थ आमच्या गोष्टीत होते आणि आम्ही चिठ्ठ्या लिहीत बसलो होतो.

मग संकलनात कापलेले एक वाक्य आठवले. शाळेच्या दृश्यात सोबती विचारतो, “आज नमाज लंबी हुई?” पटकथेत याला उत्तर नव्हते. हमाल स्वतःच्या मनाने बोलून गेला होता, “मुलुक आ गया ना.” जास्त समजावल्यासारखे होते म्हणून आम्ही ते काढले होते. आता ते परत घातले. सुरुवातीला मुकादम “मुलुक कब जाओगे?” असे विचारतो, शटर पडते आणि तिथे, नव्वदाव्या सेकंदाला, नावाची पाटी येते. नाव आधी प्रश्नात ऐकू येते आणि शेवटी उत्तरात.

दोन व्यावहारिक गोष्टी राहिल्या. अनुभव सिन्हा यांचा ‘मुल्क’ हा चित्रपट 2018 मध्ये आलेला आहे. नुसत्या शीर्षकावर कॉपीराइट नसतो, हे सर्वोच्च न्यायालयाने ‘देसी बॉइज’ प्रकरणात 2015 मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणजे नाव घ्यायला आम्हाला कुणी अडवणार नाही, आणि उद्या कुणी आमचे घेतले तर निव्वळ कॉपीराइट सांगून आम्हीही अडवू शकणार नाही. पण यूट्यूबवर Muluk शोधणाऱ्याला Mulk सापडेल, हा गोंधळ खराच आहे. म्हणून पाटीवर आणि यूट्यूबवर दोन्हीकडे नाव देवनागरीतच ठेवले.

दुसरी गोष्ट शुद्धलेखनाची. मुद्रितशोधन करणाऱ्या स्नेह्याने ‘क’चा ‘ख’ करून दिला होता. आम्ही पुन्हा ‘क’ केला. ‘मुलुख’ मराठीत शुद्ध आहे, पण तो आमचा शब्द झाला असता. हा त्यांचा आहे.

पाटी पडद्यावर आली तेव्हा हमाल आमच्या शेजारी बसला होता. त्याने फोन काढून पडद्याचा फोटो घेतला आणि गावी पाठवला.