तेरीज जुळली, म्हणून?

खातेवही बिनचूक असेल, तर तेरजेच्या जमा व नावे या दोन्ही बाजू जुळतात. हे आधारविधान मान्य केले, की न जुळलेल्या तेरजेवरून वहीत चूक असल्याचा निष्कर्ष अटळपणे निघतो. परंतु ‘तेरीज जुळली, म्हणून वही बिनचूक’ हे अनुमान सदोष होय. येथे उत्तरांगावरून पूर्वांग सिद्ध केले जाते; अनुभवी मुनीमही येथेच फसतात. शांतिलालने भरलेले ५,४०० रुपये कांतिलालच्या खाती जमा झाले, तरी बेरजा समानच राहतात. एखादा व्यवहार मुळातच नोंदवायचा राहिला, तरीही तेरीज जुळते. तेव्हा पेढीने प्रत्येक व्यापाऱ्याकडून खातेउतारा मागवून बाकी पडताळावी. अन्यथा शांतिलालला फेडलेल्या रकमेचा तगादा जाईल, तेव्हाच चूक उघडकीस येईल.