दोन वडगावं आणि एक बोगदा

पुण्यातल्या औषधांच्या एका घाऊक वितरकांनी नाशिकची तशीच एक जुनी फर्म विकत घेतली. पुण्याच्या हिशेबनिसांना नाशिकच्या सर्व्हरवरची बिलं आपल्याच टेबलावर बसून पाहायची होती. त्यासाठी दोन्ही ऑफिसांच्या राउटरमध्ये साइट-टू-साइट व्हीपीएन उभा केला. व्हीपीएन म्हणजे इंटरनेटच्या सार्वजनिक रस्त्यातून काढलेला कुलूपबंद बोगदा. एका राउटरने माहिती सांकेतिक लिपीत गुंडाळून पाठवायची, दुसऱ्याने उलगडायची आणि मधल्या कुणालाही आतलं काही दिसू द्यायचं नाही. दोन्हीकडे हिरवा दिवा लागला, पण बिलं उघडेनात. कॉम्प्युटरचं काम पाहणाऱ्या मुलाचा मला फोन आला, "सर, टनेल अप आहे, पण नाशिक पिंग होत नाही."

"नाशिकच्या सर्व्हरचा आयपी काय आहे?" मी विचारलं.

"192.168.1.10."

"आणि तू बसलायस त्या कॉम्प्युटरचा?"

"192.168.1.25."

दुखणं याच दोन आकड्यांत होतं. बोगद्यात काहीच बिघाड नव्हता.

इंटरनेटवरचे पत्ते जपून वापरावे लागतात. म्हणून फेब्रुवारी १९९६ मध्ये आरएफसी १९१८ या दस्तऐवजाने पत्त्यांचे तीन पट्टे खासगी वापरासाठी बाजूला काढले. 10 ने सुरू होणारे सगळे पत्ते, 172.16 ते 172.31 पर्यंतचे आणि 192.168 ने सुरू होणारे. हे पत्ते आपापल्या चार भिंतींच्या आत कुणीही वापरावेत, कुणाची परवानगी नको. दोन संस्थांना पुढे एकमेकींशी जोडायचं झालं तर पत्ते एकमेकांवर पडतील, हा धोकाही त्याच दस्तऐवजात लिहिला होता, आणि पट्टा निवडताना चिठ्ठी टाकल्यासारखा कुठलाही निवडा, असा सल्ला दिला होता. प्रत्यक्षात राउटर खोक्यातून निघतो तेव्हा त्याच्यात बहुधा 192.168.1 किंवा 192.168.0 हा पट्टा आधीच भरलेला असतो. पुण्यात तो कुणी बदलला नाही, नाशिकमध्येही नाही.

आता पुण्याचा 25 क्रमांकाचा कॉम्प्युटर काय विचार करतो ते पाहू. त्याला 192.168.1.10 कडे जायचं आहे. तो पत्त्याचे पहिले तीन आकडे आपल्या आकड्यांशी ताडून पाहतो. ते जुळतात, म्हणजे हे घर आपल्याच गल्लीतलं. गल्लीतल्या घरी जायला वेशीवर कशाला जायचं? म्हणून तो राउटरला काही विचारतच नाही, ऑफिसमध्ये हाळी देतो, "192.168.1.10 कोण आहे?" या हाळीला एआरपी म्हणतात. ती पुण्याच्या ऑफिसच्या भिंतींबाहेर जात नाही. बोगदा राउटरपाशी सुरू होतो आणि माहिती राउटरपर्यंत पोचतच नाही. विंडोजच्या पडद्यावर ते असं दिसतं :

```
C:\> ping 192.168.1.10
Reply from 192.168.1.25: Destination host unreachable.
```

उत्तर कुणाकडून आलं ते नीट पाहा. 192.168.1.25 हा त्याच कॉम्प्युटरचा स्वतःचा पत्ता आहे. तो स्वतःच सांगतोय की हाळी दिली, कुणी ओ दिली नाही.

याहून फसवी परिस्थिती पुण्यातही 10 क्रमांकाचं एखादं यंत्र असेल तेव्हा येते, समजा एखादा प्रिंटर. तेव्हा पिंगला छान उत्तर मिळतं. नाशिक लागलं असं वाटतं, फक्त बिलाचं सॉफ्टवेअर उघडत नाही. इथे उत्तराला लागलेला वेळ खरं सांगतो. पुण्याहून नाशिकला जाऊन परत यायला काचेच्या तारेतून प्रकाशालाही दीड-दोन मिलिसेकंद लागतात, शिवाय मधली यंत्रं आपला वेळ घेतात. उत्तर एका मिलिसेकंदाच्या आत आलं तर ते नाशिकहून आलेलं नाही, शेजारच्या टेबलावरून आलेलं आहे.

एकाच नावाच्या दोन ठिकाणांचा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे आणि त्याचं उत्तरही जुनं आहे. पुणे जिल्ह्यात कितीतरी वडगावं आहेत. गावातला माणूस गावात नुसतं वडगावच म्हणतो. पण बाहेरून कुणी यायचं असेल तर वडगाव मावळ, वडगाव शेरी, वडगाव बुद्रुक असं पुरं नाव लागतं. पुरं नाव पडल्याने गावातलं एकही घर हलत नाही, घरांचे क्रमांकही तेच राहतात.

नेटवर्कमध्ये हेच काम एकास-एक नॅट करतं. नॅट म्हणजे राउटरने जाता-येता पत्ता बदलून लिहिणं. आम्ही दोन्हीकडे वापरात नसलेले दोन पट्टे निवडले. पुण्याचं बाहेरचं नाव 10.71.1 आणि नाशिकचं 10.72.1. शेवटचा आकडा मात्र तोच ठेवायचा. पुण्याचा 25 बाहेर 10.71.1.25 म्हणून ओळखला जाईल, नाशिकचा 10 बाहेर 10.72.1.10 म्हणून. दोन्ही पट्ट्यांत २५६-२५६ पत्ते असल्यामुळे प्रत्येकाला जोडीदार मिळतो, कुणी उरत नाही.

आता हिशेबनीस 192.168.1.10 ऐवजी 10.72.1.10 मागतात. पहिले आकडे जुळत नाहीत, म्हणजे हे गाव परकं. मग कॉम्प्युटर माहितीचं पाकीट राउटरच्या हाती देतो. पुण्याचा राउटर पाकिटावरचा पाठवणाऱ्याचा पत्ता 192.168.1.25 खोडून 10.71.1.25 लिहितो आणि पाकीट बोगद्यात सोडतो. नाशिकचा राउटर घेणाऱ्याचा पत्ता 10.72.1.10 बदलून 192.168.1.10 करतो आणि सर्व्हरला देतो. सर्व्हरला दिसतं की 10.71.1.25 या परगावच्या कुणीतरी विचारलंय, म्हणून तो उत्तर आपल्या राउटरकडेच देतो. परतीच्या वाटेवर हीच अदलाबदल उलट्या क्रमाने होते. प्रत्येक राउटर फक्त आपल्या गावाचं नाव बदलतो, दुसऱ्याच्या नावाला हात लावत नाही.

लिनक्सवर चालणाऱ्या राउटरमध्ये पुण्याच्या बाजूला यासाठी दोन ओळी पुरतात :

```
iptables -t nat -I POSTROUTING -s 192.168.1.0/24 -d 10.72.1.0/24 -j NETMAP --to 10.71.1.0/24
iptables -t nat -I PREROUTING -s 10.72.1.0/24 -d 10.71.1.0/24 -j NETMAP --to 192.168.1.0/24
```

पहिली ओळ बाहेर जाणाऱ्यांसाठी, दुसरी नाशिकहून आपणहून येणाऱ्यांसाठी. नाशिकमध्ये याच ओळी 71 आणि 72 ची अदलाबदल करून लिहायच्या. ज्या राउटरमध्ये पडद्यावर रकाने भरायचे असतात, तिथेही हीच सोय असते. pfSense मध्ये तो रकाना बोगद्याच्या दुसऱ्या टप्प्याच्या पानावर `NAT/BINAT translation` या नावाने आहे.

बोगद्याच्या करारातही बाहेरचीच नावं हवीत. कुठून कुठे जाणारी माहिती बोगद्यात घ्यायची, हे दोन्ही राउटर आधी आपसात ठरवून घेतात. तिथे 10.71.1.0/24 ते 10.72.1.0/24 असं लिहायचं आणि दुसऱ्या टोकाला बरोबर उलटं. आमच्या मुलाने सवयीने दोन्हीकडे 192.168.1.0/24 लिहिलं होतं. काही राउटर असा करार मान्यच करत नाहीत. काही करतात आणि मग आपल्याच ऑफिसच्या यंत्रांना द्यायची माहितीही बोगद्यात ढकलू लागतात. मग राउटरचं पानदेखील उघडेनासं होतं.

दुसरी चूक क्रमाची होते. ऑफिसातल्या सगळ्यांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे इंटरनेटवर नेणारा नियम राउटरमध्ये आधीपासून असतो. तो वर राहिला तर नाशिकला निघालेलं पाकीटही त्याच्याच हाती लागतं, त्यावर सार्वजनिक पत्ता पडतो आणि करारात न बसल्यामुळे ते बोगद्यात शिरत नाही. अशा वेळी हिरवा दिवा लागलेला असतो, पण बोगद्यातून किती माहिती गेली हा आकडा शून्यावरून हलत नाही. वरच्या आज्ञांमधला `-I` आमचा नियम यादीत सर्वांत वर बसवतो, तो याचसाठी.

सगळं बरोबर केल्यावरही पिंग लागलं नाही, तेव्हा मुलगा रडकुंडीला आला. पण नाशिकच्या सर्व्हरवर विंडोज होतं. विंडोजचा फायरवॉल घरगुती किंवा ऑफिसच्या नेटवर्कवर पिंगला आणि फाइल शेअरिंगला मूळ मांडणीत फक्त आपल्याच पट्ट्यातून आलेल्यांना दार उघडतो. 10.71.1.25 त्याच्या लेखी परका. त्याच्या नियमात 10.71.1.0/24 हा पट्टा घातल्याबरोबर उत्तरं येऊ लागली. म्हणून पहिली चाचणी पलीकडच्या प्रिंटरवर करावी. प्रिंटर असा भेदभाव सहसा करत नाही.

या उपायाला मर्यादा आहेत. राउटर पाकिटावरचा पत्ता बदलतो, पाकिटातल्या पत्रात लिहिलेला बदलत नाही. इंटरनेटवरून बोलणारे काही फोन आपला पत्ता संभाषणाच्या आतच लिहून पाठवतात. पलीकडचा फोन त्या आतल्या 192.168.1 च्या पत्त्यावर आवाज पाठवू लागतो, आणि घंटा वाजते पण बोलणं ऐकू येत नाही. सर्व्हरच्या नावांचंही तसंच. नाशिकच्या यादीत सर्व्हरच्या नावापुढे 192.168.1.10 लिहिलेलं असतं. ती यादी पुण्याने जशीच्या तशी वापरली तर गाडी पुन्हा आपल्याच गल्लीत. त्यामुळे पुण्याची यादी वेगळी ठेवून तिथे 10.72.1.10 लिहावं लागतं.

म्हणून एका ऑफिसचे पत्ते खरोखर बदलणं हाच कायमचा इलाज. त्याची भीती वाटते ती हाताने पत्ता भरलेल्या यंत्रांमुळे. सर्व्हर, प्रिंटर, कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर, हजेरीचं यंत्र. बाकीच्या कॉम्प्युटरना राउटरच ठरावीक मुदतीसाठी पत्ता वाटतो. ती मुदत दोन दिवस आधीपासून तासाभराची करून ठेवली की ते आपोआप नव्या पत्त्यावर येतात.

नाशिकचं आम्ही एका रविवारी केलं. हाताने पत्ता भरलेली यंत्रं आठवडाभर आधी वहीत उतरवून ठेवली होती. नवा पट्टा शोधत बसावं लागलं नाही, नाशिकचं बाहेरचं नाव होतं तेच आतलं केलं, 10.72.1. सर्व्हर खरोखरच 10.72.1.10 झाला. मग नाशिकच्या राउटरमधल्या NETMAP च्या दोन्ही ओळी काढून टाकल्या. बोगद्याच्या करारात एक अक्षरही बदलावं लागलं नाही, कारण त्यात पहिल्यापासून हेच नाव होतं. सोमवारी पुण्याच्या हिशेबनिसांनी नेहमीच्याच पत्त्यावर बिलं उघडली.