चिन्ह उलटायचं नेमकं कुठे राहिलं?

अकरावीच्या वहीत हमखास सापडणारी एक चूक पाहू. गणित आहे 7 − 3x ≥ 19. विद्यार्थी दोन्ही बाजूंतून 7 वजा करून −3x ≥ 12 लिहितो, मग −3 ने भागून x ≥ −4 असं उत्तर काढतो. आकडेमोड चोख आहे, तरी उत्तर नेमकं उलटं आलंय. हवं होतं x ≤ −4.

त्यातून पडताळाही फसवतो. समीकरणाच्या सवयीने मुलं आलेली संख्याच मूळ गणितात घालून बघतात. x = −4 ठेवलं की 7 + 12 = 19, म्हणजे अट पूर्ण होते आणि मूल निर्धास्त होतं. पण −4 ही सीमारेषेवरची संख्या आहे. ती बरोबर उत्तरातही बसते आणि चुकीच्याही, त्यामुळे तिला विचारून काहीच कळत नाही.

विचारायचं ते सीमेपासून दूरच्या संख्येला, आणि तेही प्रत्येक ओळीत. शून्य सगळ्यात सोपं. पहिल्या ओळीत x = 0 ठेवा: 7 ≥ 19, हे खोटं. दुसरीत: 0 ≥ 12, हेही खोटं. तिसरीत: 0 ≥ −4, हे मात्र खरं! खोट्याचं खरं झालं ते दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीच्या मध्ये, म्हणजे चूक तिथेच आहे. वजाबाकी निर्दोष, भागाकारात घोटाळा.

तो का होतो, हे साध्या संख्यांवरून दिसतं. 2 < 5 खरं आहे. दोन्हींना −1 ने गुणलं की −2 आणि −5 मिळतात, आणि आता −2 मोठा ठरतो. संख्यारेषेवर दोघेही शून्याच्या पलीकडे गेले, त्यांचा क्रम उलटला. बेरीज-वजाबाकीत दोघे एकाच दिशेने तितकेच सरकतात, म्हणून क्रम टिकतो.

हे न समजता नुसता नियम पाठ केला, की उलटी चूकही होते. 3x > −12 मध्ये कुठेतरी ऋण चिन्ह दिसलं म्हणून मुलं x < −4 लिहून मोकळी होतात. भागायचं आहे +3 ने. −12 चं चिन्ह इथे गैरलागू आहे.

खरी कसोटी लागते ती 6/x < 2 सारख्या गणितात. मुलं x ने गुणून 6 < 2x लिहितात आणि x > 3 वर थांबतात. ऋण चिन्ह कुठेच दिसत नाही, पण x स्वतः ऋण असू शकतो. इथे 1 किंवा 4 ठेवून चूक सापडत नाही. −1 ठेवा: पहिल्या ओळीत −6 < 2 खरं, दुसरीत 6 < −2 खोटं. म्हणून x धन आणि x ऋण असे दोन भाग वेगळे सोडवावे लागतात. x ऋण असताना डावी बाजू ऋणच राहते, म्हणून अट आपोआप पूर्ण होते. पूर्ण उत्तर येतं x < 0 किंवा x > 3.