डॉक्टर निघाले परदेशी – भाग 7 : पसंतीची यादी कुणी फोडत नाही

भिलाईच्या सेक्टर 6 मधून एका वाचक काकांचा प्रश्न आला आहे. काका स्टील प्लांटमधून निवृत्त झाले असून मुलीने छत्तीसगडमधूनच एमबीबीएस केलं आहे. यूएसएमएलईच्या पहिल्या दोन्ही पायऱ्या पार झाल्या, इंटर्नल मेडिसिनसाठी अमेरिकेतून सहा ठिकाणच्या मुलाखती आल्या आणि ऑनलाइन देऊनही झाल्या. आता घरात वाद पेटला आहे तो यादीवरून. मुलीला मिशिगनचं एक रुग्णालय सर्वांत आवडलं आहे. काकांचं म्हणणं, तिथे मोठी स्पर्धा आहे, शिवाय न्यूयॉर्कवाल्यांनी मुलाखतीनंतर गोड मेल पाठवली आहे, तर त्यांनाच पहिल्या क्रमांकावर ठेवावं. नाहीतर एक नंबर वाया जाईल आणि दोन नंबरवाले म्हणतील, आम्हाला दुसरं ठेवलंस, जा आता.

उत्तर सरळ आहे. मुलीचं बरोबर आहे. पण काकांना नुसतं 'बरोबर आहे' म्हणून चालणार नाही, कारण त्यांची भीती नीट-पीजीच्या कौन्सेलिंगमधून आली आहे आणि ती आपल्यापैकी बहुतेकांच्या मनात असते.

नीट-पीजीत अख्ख्या देशाचा एकच क्रम लागतो. तुमचा रँक ठरला की तुमच्या वरचे लोक आपापल्या जागा उचलतात आणि उरलेल्यांतून तुमची वरची पसंती तुम्हाला मिळते. मग दुसरी फेरी, अपग्रेडेशन, मॉप-अप. अमेरिकेच्या मॅचमध्ये असा सामायिक क्रम नसतोच. प्रत्येक रुग्णालयाचा विभाग ज्यांची मुलाखत घेतली त्यांची आपली यादी लावतो, उमेदवार जिथे मुलाखत दिली त्या ठिकाणांची आपली यादी लावतो आणि दोन्ही याद्या एनआरएमपी या संस्थेच्या संगणकात जातात. तुमची यादी रुग्णालयाला दिसत नाही, त्यांची तुम्हाला दिसत नाही. मुख्य मॅचमध्ये फेरी एकच, अपग्रेडेशन नाही.

ही व्यवस्था 1952 पासून चालू आहे. त्याआधी चांगले विद्यार्थी हातचे जाऊ नयेत म्हणून रुग्णालयं दरवर्षी आणखी लवकर जागा देऊ करत आणि उत्तराला मुदत इतकी थोडी देत की मुलाला दुसरीकडची वाट पाहताच येऊ नये. गेल आणि शॅप्ली या दोन गणितज्ञांनी 1962 साली जोड्या लावण्याची एक रीत मांडली. अर्थशास्त्रज्ञ अल्विन रॉथ यांनी 1984 मध्ये दाखवून दिलं की डॉक्टरांची मॅच जवळजवळ त्याच रीतीने आधीपासून चालत होती, फक्त तिचा कल रुग्णालयांच्या बाजूने होता. पुढे रॉथ आणि इलियट पेरान्सन यांनी ती नव्याने बांधली आणि 1998 पासून मागणी उमेदवाराच्या बाजूने सुरू होऊ लागली. रॉथ आणि शॅप्ली यांना 2012 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यामागे हेही काम होतं.

आता काकांसाठी एक काल्पनिक उदाहरण चालवून पाहू. तीन उमेदवार घ्या: भिलाईची, नागपूरचा आणि पुण्याची. रुग्णालयं तीन: मिशिगन, न्यूयॉर्क, ओहायो. प्रत्येकाकडे एकच जागा. भिलाईच्या मुलीची यादी मिशिगन, न्यूयॉर्क, ओहायो अशी आहे. पुण्याचीही तीच. नागपूरच्या मुलाला मुलाखती दोनच आल्या, त्याची यादी न्यूयॉर्क आणि मग मिशिगन. तिकडे मिशिगनला आधी नागपूर हवा आहे, मग पुणे, मग भिलाई. न्यूयॉर्कला आधी भिलाई, मग पुणे, मग नागपूर. ओहायोला आधी भिलाई, मग पुणे.

संगणक भिलाईपासून सुरू करतो. तिची पहिली पसंती मिशिगन, जागा रिकामी, म्हणून ती तिथे तात्पुरती बसते. नागपूर न्यूयॉर्कला तात्पुरता बसतो. मग पुणे मिशिगनचं दार ठोठावते. मिशिगनच्या यादीत पुणे भिलाईच्या वर आहे, म्हणून भिलाई उठते. ती आपल्या दुसऱ्या पसंतीकडे, न्यूयॉर्ककडे जाते. न्यूयॉर्क नागपूरपेक्षा तिलाच वर मानतं, तेव्हा आता नागपूर उठतो आणि मिशिगनकडे जातो. मिशिगनचा तर तो पहिला, म्हणून पुणे उठते. ती न्यूयॉर्कला विचारते, पण तिथे भिलाई बसली आहे आणि तीच वर आहे. शेवटी पुणे ओहायोत जाते. आता कुणी उठत नाही, आणि ज्या जागा तात्पुरत्या होत्या त्या पक्क्या होतात.

भिलाईच्या मुलीने आधी मिशिगनला विचारलं, तिथून उठावं लागलं, तरी न्यूयॉर्कने तिला 'दुसऱ्या क्रमांकावर का ठेवलंस' म्हणून अडवलं नाही. तिथल्या यादीतला तिचा क्रम जसाच्या तसा होता. एक नंबर वाया गेला नाही, दोन नंबरचं दारही बंद झालं नाही. आता काकांच्या सल्ल्याने न्यूयॉर्क वर लिहिलं असतं तर? याच उदाहरणात निकाल तोच लागला असता. पण समजा, पुण्याची मुलगी या चढाओढीत मुळातच नसती. तर खरी यादी लिहिणाऱ्या भिलाईच्या मुलीला मिशिगन मिळालं असतं आणि हुशारीने न्यूयॉर्क वर लिहिणारीला न्यूयॉर्क. हातातली आवडती जागा तिने आपणहून सोडली असती.

पुण्याच्या मुलीकडेही जरा पाहा. 'ओहायो काय, खेडं आहे' म्हणून तिने ते नाव गाळलं असतं तर ती बिनजागेची राहिली असती आणि ओहायोची जागा रिकामी. म्हणून जिथे जायची तयारी आहे ते प्रत्येक ठिकाण यादीत असावं. जिथे मुळीच जायचं नाही ते मात्र घालू नये, कारण मॅच झाली की ती दोन्ही बाजूंना बंधनकारक असते. परवानगीवाचून ती मोडणाऱ्यावर पुढच्या मॅचसाठी बंदी येऊ शकते.

राहिली गोड मेल. 'आमच्या यादीत तू खूप वर आहेस' असं लिहिणं नियमात बसतं, पण त्याने कुणी बांधलं जात नाही. 'तू आम्हाला कितवं ठेवणार' असं विभागाने विचारणं मात्र नियमांत बसत नाही. मेल आनंदाने वाचावी, आभाराचं उत्तर पाठवावं, यादीला हात लावू नये.

एवढं समजलं की पुढची गोष्ट जरा कडू वाटते. यादी कशी लावायची यात डोकं लावण्याजोगं फार थोडं आहे. खरी गाळणी आधीच होऊन गेलेली असते, मुलाखतीच्या बोलावण्यापाशी. मुलाखत दिली नाही तर तुमचं नाव रुग्णालयाच्या यादीत येत नाही आणि तिथे कुठलंच गणित मदत करत नाही. 2025 च्या मॅचमध्ये अमेरिकी नागरिक नसलेल्या, बाहेर शिकलेल्या उमेदवारांपैकी सुमारे 58 टक्क्यांना जागा मिळाली. अमेरिकेतल्या एमडी शाळांच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांत हेच प्रमाण सुमारे 93 टक्के होतं.

गाळणी कशी लागते? स्टेप 1 चा निकाल जानेवारी 2022 पासून फक्त पास किंवा नापास असा येतो, त्यामुळे आकड्याचा भार स्टेप 2 सीकेवर आला. एकदा पास झालेली पायरी गुण वाढवायला पुन्हा देता येत नाही आणि नापास झालेला प्रयत्न गुणपत्रिकेवर राहतो. 'बसून बघू' ही आपल्याकडची सवय इथे महागात पडते. त्याखालोखाल पाहिलं जातं ते पदवीचं वर्ष. बरेच विभाग पदवीला काही वर्षं उलटली की अर्ज बाजूला ठेवतात, म्हणून नीट-पीजीचे दोन-तीन प्रयत्न करून मग अमेरिकेचा विचार करणाऱ्याची वाट आधीच अरुंद झालेली असते.

तिसरी गोष्ट अमेरिकेतला रुग्णालयीन अनुभव, आणि इथे भिलाईच्या मुलांची सर्वांत जास्त फसगत होते. सेक्टर 9 च्या जवाहरलाल नेहरू रुग्णालयात किंवा रायपूरच्या मेकाहाऱ्यात मुलाने शंभर रुग्ण सांभाळले असतील, तो अनुभव खरा आणि कदाचित तिकडच्यापेक्षा दाट. पण निवड करणाऱ्याला पाहायचं असतं की हा माणूस त्यांच्या पद्धतीत काम करताना कुणी पाहिला आहे का. विद्यार्थी असताना इलेक्टिव्ह मिळालं तर रुग्णाची तपासणी करता येते, टिपणं लिहिता येतात. पदवीनंतर बहुतेक ठिकाणी फक्त ऑब्झर्व्हरशिप उरते, म्हणजे मागे उभं राहून पाहायचं, हात लावायचा नाही. साहजिकच तिथलं शिफारसपत्रही 'वेळेवर येत असे, नम्र आहे' इतक्यावर थांबतं. जमत असेल तर हा प्रवास शेवटच्या वर्षातच करावा.

पैसे घेऊन ऑब्झर्व्हरशिप लावून देणाऱ्या एजन्सींचं पीक आलं आहे. त्यांना एकच विचारावं: ज्या डॉक्टरांबरोबर उभं राहायचं आहे ते निवासी डॉक्टरांना शिकवतात का, आणि कुठल्या रुग्णालयात? उत्तर एखाद्या खासगी दवाखान्याच्या पत्त्यावर येऊन थांबलं, तर त्या पत्राचं वजन निवड समितीत कमीच भरणार.

कागदांचंही एक सांगायला हवं. ईसीएफएमजीच्या प्रमाणपत्राशिवाय रेसिडेन्सीत पाऊल ठेवता येत नाही, आणि ती संस्था पदवीची खातरजमा थेट कॉलेज-विद्यापीठाकडून करून घेते. जागतिक वैद्यकीय महाविद्यालयांच्या सूचीत आपल्या कॉलेजपुढे ईसीएफएमजीची नोंद आहे का आणि ती कुठल्या पदवीवर्षांना लागू आहे, हे अर्जाआधी पाहून घ्यावं. दुर्गचं चंदूलाल चंद्राकर कॉलेज 2021 मध्ये खासगीतून राज्य सरकारकडे आलं. अशा कॉलेजच्या जुन्या विद्यार्थ्यांनी प्रमाणपत्रांवर कॉलेजचं नाव कसं छापलं आहे आणि पत्रांना उत्तर आता कोण देतं, याची चौकशी अर्जाच्या वर्षभर आधी करावी.

काकांच्या मुलीचं यातलं सगळं पार पडलं आहे. यादी साधारण मार्चच्या सुरुवातीला बंद होईल. बंद होण्याआधी ती 'सर्टिफाय' झाली आहे ना, हे तिने डोळ्यांनी पाहावं, कारण नुसती जतन केलेली यादी धरली जात नाही. मॅचच्या आठवड्यात सोमवारी एवढंच कळतं की जागा मिळाली की नाही. कुठली, ते शुक्रवारी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर दुपारी बारा वाजता, म्हणजे भिलाईत रात्री साडेनऊला. सोमवारी 'नाही' आलं तर त्याच आठवड्यात सोप नावाची उरलेल्या जागांची प्रक्रिया चालते. तिथे जास्तीत जास्त 45 विभागांना अर्ज करता येतो आणि आलेली जागा दोन तासांत स्वीकारावी लागते. त्यांनी संपर्क केल्याशिवाय आपण फोन करायचा नसतो. भिलाईत ती वेळ संध्याकाळपासून रात्री उशिरापर्यंतची असते, तेव्हा त्या आठवड्यात लग्नकार्य असलं तरी मुलीला लॅपटॉपजवळच राहू द्यावं.

जागा मिळाली की जे-1 व्हिसा. त्यासाठी भारताच्या आरोग्य मंत्रालयाचं पत्र लागतं आणि प्रशिक्षण संपल्यावर दोन वर्षं मायदेशी परतण्याची अटही येते. ही अट कुणाला, कशी आणि कुठल्या गावात नोकरी धरून माफ होते, ते पुढच्या भागात.