फेरी वीस मिनिटांची, काम पन्नास मिनिटांचं

शुक्रवारी रात्री सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हमखास एक मेसेज पडतो: ‘दोन दिवस बाहेर चाललोय, आमच्या लॅबला कोणी खाली नेईल का?’ पुण्यात बाणेर-वाकडच्या मोठ्या संकुलांमध्ये त्याच सोसायटीत राहणारी कॉलेजची मुलं-मुली हल्ली हे काम घेतात. पैशांचं बोलणं मात्र दोन्हीकडून अवघडतं. मालक म्हणतो, “अर्ध्या तासाचे पन्नास घे.” मुलगी संकोचून ‘हो’ म्हणते, आणि रविवारी रात्रीपर्यंत दमून जाते.

चूक होते ती वेळ मोजण्यात. कुत्रा खाली वीस-पंचवीस मिनिटंच फिरतो, पण त्याआधी कुलूप उघडायचं, उड्या मारणाऱ्या लॅबला हार्नेस घालायचा, लिफ्टची वाट पाहायची. परत आल्यावर पाय पुसायचे, पाणी बदलायचं, खायला घालायचं, मालकाला फोटो पाठवायचा. घड्याळ लावून पाहिलं तर पन्नास मिनिटं सहज जातात. दर लावायचा तो या पन्नास मिनिटांना.

समजा, एका मुलीनं आपल्या तासाचे १५० रुपये धरले. मालक शनिवारी सकाळी निघून रविवारी रात्री परतणार. शनिवारी संध्याकाळी एक आणि रविवारी सकाळ-संध्याकाळ दोन, अशा तीन मोठ्या फेऱ्या. प्रत्येकी पन्नास मिनिटांचे १२५, म्हणजे ३७५. शिवाय दोन्ही दुपारी आणि शनिवारी रात्री झोपण्यापूर्वी शू करून आणायला तीन छोट्या खेपा. त्या वीस-तीस मिनिटांच्या असल्या तरी दर वेळी हातातलं काम सोडून जावं लागतं, म्हणून खेपेला किमान १०० रुपये. एकूण ६७५. मालकाच्या हिशेबानं याच सहा खेपांचे ३०० झाले असते. मजल्यागणिक किंवा जातीगणिक दर लावण्यापेक्षा हा हिशेब दोघांनाही पटतो, कारण तो कागदावर मांडून दाखवता येतो.

दुसरा कुत्रा असेल तर? दोघं सोबत शांत चालत असतील तर निम्मे पैसे जास्त घेणं रास्त. दोघंही दांडगे असतील तर त्यांना वेगवेगळं न्यावं लागतं, आणि मग पैसेही दुप्पट. अर्धी रक्कम आधी घ्यावी. आदल्या दिवशी बेत रद्द झाला तर त्यातलं किती परत करायचं, तेही मेसेजमध्ये लिहून ठेवावं.

पैशांचं ठरलं तरी धास्ती उरतेच. मालकाला किल्लीची काळजी असते. ती पायपुसण्याखाली ठेवू नये, हातात द्यावी. किल्लीच्या चेनवर फ्लॅटचा नंबर नसावा. घरात कॅमेरा असेल तर मुलीला आधी सांगायलाच हवं. तिच्या घरच्यांनाही ती कोणत्या फ्लॅटमध्ये आणि किती वाजता जाते हे माहीत असावं.

खरा धोका मात्र दारात आणि लिफ्टमध्ये असतो. नव्या माणसासोबत बिचकलेला कुत्रा मागे सरकतो, मान आत ओढतो आणि ढिल्या गळपट्ट्यातून क्षणात निसटतो. गळपट्टा आणि मान यांच्यामध्ये दोन बोटं जेमतेम जावीत, तिसरं नाही. अनोळखी हातात हार्नेसच बरा. तो घालून दोरी मनगटात अडकवेपर्यंत सेफ्टी डोअर उघडायचं नाही. लिफ्टमध्ये दोरी आखूड धरून कुत्र्याला आपल्या बरोबरीनं आत घ्यायचं आणि शेपटीसकट सगळा कुत्रा आत आल्याशिवाय बटण दाबायचं नाही. दोरी दारात अडकून लिफ्ट सुरू झाली तर कुत्र्याला फास बसतो. आत लहान मुलं किंवा घाबरणारं कोणी असेल तर पुढच्या लिफ्टची वाट पाहावी. सोसायटीला पाळीव कुत्र्यांना सरसकट लिफ्टबंदी करता येत नाही, हे भारतीय पशुकल्याण मंडळानं २०१५ सालीच स्पष्ट केलं आहे. पण घाबरणाऱ्या शेजाऱ्याला दोन मिनिटं देण्यात कोणाचंच काही जात नाही.

मालक असताना चावला नाही म्हणून कुत्रा इतरांना चावणारच नाही, असं धरून चालू नये. म्हणून मालक घरी असतानाच आठवडाभर आधी एक फेरी करून पाहावी. दुसरा कुत्रा दिसताच कान ताठ करून तो जागेवर थिजतो का? खाताना जवळ गेलं की गुरगुरतो का? तसं असेल तर काम नाकारायला लाजू नये. रेबीजच्या लशीच्या नोंदीचा फोटो फोनमध्ये ठेवावा. कुत्रा चावला किंवा ओरखडलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायची, मग लस घेतलेला घरचाच कुत्रा का असेना. उपचारांचा खर्च कोण देणार, तेही त्या पहिल्या फेरीतच बोलून घ्यावं.

रविवारी रात्री किल्ली परत देताना ‘सगळं छान’ एवढ्यावर भागवू नये. शनिवारी दुपारी अर्धी वाटी उरली, सकाळी शी पातळ होती, डाव्या पंजाला तो सारखा चाटत होता, हे मालकाला सांगायला हवं. सोमवारी पशुवैद्य पहिल्यांदा तेच विचारतील.